‘पुण्यातील प्लेग’ हा विषय झाला, विधान नव्हे

दरवर्षी एस. वाय. आणि टी. वाय.च्या इतिहासाच्या निबंधांचा गठ्ठा समोर येतो, तेव्हा मी आधी फक्त पहिले परिच्छेद वाचून घेते. गठ्ठ्यातल्या निम्म्याहून अधिक निबंधांत एक वाक्य ठरलेलं असतं: ‘प्रस्तुत निबंधात १८९७ च्या पुण्यातील प्लेगचा आढावा घेतला आहे.’ मुलं यालाच थीसिस स्टेटमेंट समजतात. मुळात ‘थीसिस’ म्हटलं की आपल्याकडे पीएच.डी.चा जाडजूड प्रबंध डोळ्यांपुढे येतो, त्यामुळे हा घोळ होणारच. इथे थीसिस म्हणजे निबंधाचा दावा. निबंध संपताना वाचकाने जे मान्य करावं असं तुम्हाला वाटतं, आणि जे तो सुरुवातीला मान्य करेलच असं नाही, ते एका-दोन वाक्यांत सांगायचं. पुढे मी त्याला नुसतं ‘विधान’ म्हणेन.

आढावा घेणारं वाक्य चुकीचं नसतं, पण त्याला कोणी ‘नाही’ म्हणू शकत नाही. ‘नाही, तू आढावा घेतलेला नाहीस’ असं कोण म्हणणार? आणि ज्याला कोणी नाही म्हणू शकत नाही, ते सिद्ध करण्यासाठी आठ पानं खर्ची घालायचं कारणच उरत नाही. मग ती पानं माहितीने भरतात.

विधान कसं घडतं ते एकाच उदाहरणातून दाखवते. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने प्लेगचाच विषय घेतला होता. तो जुन्नरकडचा, विद्यापीठाजवळ खोली करून राहणारा. विषय का घेतलास विचारलं तर म्हणाला, “मॅडम, रोज गणेशखिंड रस्त्यानेच येतो ना, रँडला तिथेच मारलं.” विषय निवडायला हे कारण मला पुरेसं वाटतं. २२ जून १८९७ च्या रात्री राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून रँड गव्हर्न्मेंट हाउसमधून निघाला आणि चापेकर बंधूंनी त्याच्यावर गोळी झाडली. ते गव्हर्न्मेंट हाउस म्हणजेच आजच्या विद्यापीठाची मुख्य इमारत.

त्याचं पहिलं वाक्य असं होतं:

‘१८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली, सरकारने कडक उपाय केले आणि लोकांत मोठा असंतोष पसरला.’

यातलं सगळं खरं आहे, आणि अडचण तीच आहे. पहिली पायरी म्हणून मी कोणालाही हेच सांगते: जे सुचेल ते वाक्य आधी लिहून टाका, मग त्याच्यासमोर एक माणूस उभा करा. हा माणूस अडाणी नको आणि भांडखोरही नको. तुम्ही वाचलेली पुस्तकं त्यानेही वाचली आहेत, आणि तरीही त्याचं मत वेगळं असू शकतं. तुमच्या वाक्यावर तो काय म्हणेल? वरच्या वाक्यावर तो मान डोलावेल आणि चहा मागवेल. म्हणजे वाक्य वर्णनाचं आहे.

विद्यार्थ्याला हे पटलं. दुसऱ्या दिवशी तो नवं वाक्य घेऊन आला: ‘रँडने पुणेकरांवर केलेले अत्याचार अत्यंत निषेधार्ह होते.’ वर्णनातून सुटायला धडपडणारी बहुतेक मुलं आधी इथेच येऊन पडतात. वाक्यात जोर आहे, आणि जोर आहे म्हणजे वाद आहे असं वाटतं. पण समोरचा माणूस पुन्हा मान डोलावतो, कारण आज पुण्यात बसून रँडची बाजू घेणार कोण? आणि एखाद्याने घेतलीच, तरी ‘निषेधार्ह’ हे कोणत्या कागदपत्राने सिद्ध करणार? निषेध ही भावना आहे. निबंधाला असा दावा लागतो की ज्याच्या बाजूने पुरावा आणता येतो आणि विरुद्धही आणता येतो.

तो जरा हिरमुसला. “मग लिहू तरी काय?”

इथून पुढे बहुतेक मार्गदर्शक ‘विश्लेषणात्मक प्रश्न विचारा’ असं सांगतात. त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण कोणता प्रश्न ते कोणीच सांगत नाही. माझी रीत साधी आहे. तुमच्या टिपणांत एकमेकांशी न जुळणाऱ्या दोन गोष्टी शोधा. दोन्ही खऱ्या हव्यात, पण शेजारी ठेवल्या की कपाळाला आठी पडायला हवी. विधान जवळजवळ नेहमी अशा ठिकाणी सापडतं.

त्याच्या वहीत तशी जागा होती. त्याने एका पानावर लिहिलं होतं की टिळकांनी प्लेगच्या काळात पुणं सोडलं नाही, शहर सोडून जाणाऱ्या पुढाऱ्यांवर टीका केली आणि हिंदूंसाठी वेगळं प्लेग रुग्णालय काढायला पुढाकार घेतला. रोग्याला वेगळं ठेवायला त्यांचा मुळात विरोध नव्हता. तीन पानांनंतर त्याने लिहिलं होतं की मे १८९७ च्या सुरुवातीला ‘केसरी’ने प्लेगबंदोबस्ताच्या जुलमाबद्दल थेट सरकारलाच जबाबदार धरलं. मधली तीन पानं तारखांची होती. दोन्ही गोष्टी त्यानेच लिहिल्या होत्या, पण त्या एकमेकींकडे बघत आहेत हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

मी विचारलं, “उपाय हवेत म्हणणारा माणूस दोन-तीन महिन्यांत उपायांवर तुटून पडतो. का?”

तो म्हणाला, “मध्ये सैनिक आले, मॅडम.”

विधान जन्माला आलं ते या वाक्यात. ‘का’ला दिलेलं उत्तर, इतकंच ते असतं. आता त्या उत्तराला पुराव्याचं अंग भरायचं.

फेब्रुवारीत रँडच्या हाती प्लेगबंदोबस्त आला. मार्चच्या मध्यापासून गोरे सैनिक पेठांमधली घरं तपासू लागले. रोगी सापडला की तो रुग्णालयात, घरची माणसं विलगीकरण छावणीत, सामान जाळायचं किंवा उन्हात टाकायचं, घराला चुना. पुस्तकांत हे सगळं सापडतं. पण लोकांना नेमकं काय सहन झालं नाही हे कळायला रोगाचं लक्षण माहीत असावं लागतं. या प्लेगमध्ये गाठ येते ती जांघेत, काखेत किंवा मानेवर. म्हणजे तपासणी करायची तर हात कुठे जाणार आणि अंगावरचं काय बाजूला होणार, याचा विचार करा. ती तपासणी सोवळ्याओवळ्याच्या घरात, बूट घालून स्वयंपाकघरापर्यंत आलेला परका पुरुष करणार. बायकांना चारचौघांत तपासल्याच्या तक्रारी तेव्हा झाल्या त्या यातूनच. ‘धार्मिक भावना दुखावल्या’ असं मोघम लिहिण्यापेक्षा ‘गाठ जांघेत येते’ ही तीन शब्दांची माहिती तुमच्या दाव्याला कितीतरी जास्त बळ देते.

आणखी एक बाब त्याला वाचनात सापडली आणि मला ती फार आवडली. पिसवांमधून प्लेग माणसाला होतो हे पॉल-लुई सिमाँ याने मांडलं ते १८९८ साली, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. म्हणजे १८९७ मध्ये घरं धुणाऱ्यांनाही रोग नेमका कसा पसरतो हे माहीत नव्हतं. त्यामुळे ‘एका बाजूला विज्ञान, दुसऱ्या बाजूला अंधश्रद्धा’ ही सोपी मांडणी इथे लागू पडत नाही.

या सगळ्यावरून त्याने तिसरं वाक्य लिहिलं:

‘भारतीय लोकांचा विरोध प्लेगच्या उपायांना नव्हता, ते सैनिकांकरवी राबवण्याला होता.’

समोरच्या माणसाने आता चहाचा कप खाली ठेवला. ‘नाही’ म्हणायला त्याला जागा मिळाली. तो म्हणू शकतो की लोकांचा रुग्णालयालाच विरोध होता, सैनिक हे निमित्त झालं. वाक्य वादयोग्य झालं आहे की नाही याची खूण हीच: विरुद्ध बाजूचं वाक्य तुम्हाला स्वतःलाच नीट लिहिता आलं पाहिजे, आणि ते वाचताना मूर्खपणाचं वाटता कामा नये. मी तर मुलांना ते विरुद्ध वाक्य खरोखर कागदावर लिहायला लावते. ते हास्यास्पद वाटलं तर मूळ वाक्य अजून कच्चं आहे असं समजायचं.

मग पुढची पायरी, सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात उपयोगी. आता तुम्हीच तो दुसरा माणूस व्हायचं आणि आपलं वाक्य पाडायला निघायचं. त्याला मी एक दिवस दिला आणि सांगितलं, तुझं म्हणणं खोटं ठरवणारी एक तरी घटना शोधून आण.

त्याने आणली, आणि ती भक्कम होती. २९ ऑक्टोबर १८९६, मुंबई. पुण्यात सैनिक घरात शिरायच्या साडेचार महिने आधी हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर चाल केली होती. तिथे लोकांचा राग रुग्णालयावरच होता. ‘भारतीय लोकांचा विरोध उपायांना नव्हता’ हे वाक्य या एका घटनेपुढे टिकत नाही.

अशा वेळी विद्यार्थी दोनपैकी एक करतात. काही जण ती घटना निबंधात घेतच नाहीत. परीक्षकाला ती माहीत असेल तर गुण तिथेच जातात. दुसरे घाबरून ‘काही प्रमाणात’, ‘बहुतांशी’, ‘एका अर्थाने’ असे शब्द वाक्यात पेरतात. ‘भारतीय लोकांचा विरोध काही प्रमाणात उपायांना व काही प्रमाणात अंमलबजावणीला होता.’ हे वाचून समोरचा माणूस पुन्हा चहा प्यायला लागतो. ‘दोन्ही बाजूंत तथ्य आहे’ हे विधान नसतं, ती सुटका असते, आणि मला ती नुसत्या वर्णनापेक्षाही जास्त खटकते, कारण इथे मुद्दा हातात आलेला असतो आणि विद्यार्थी तो सोडून देतो.

तिसरा रस्ता म्हणजे वाक्याची हद्द आखणं. पुरावा जिथपर्यंत जातो तिथपर्यंतच दावा न्यायचा, पण तेवढ्या हद्दीत तो ठामपणे करायचा. मी त्याला तीन प्रश्न विचारले. कोणाचा विरोध? कुठला? कधीचा?

“पुणेकरांचा,” तो म्हणाला.

“सगळ्या पुणेकरांचा? तुझा पुरावा कशातून आला?”

पुरावा होता ‘केसरी’ आणि इतर वृत्तपत्रांतून, पुढाऱ्यांच्या अर्जांतून. म्हणजे लिहिता-वाचता येणाऱ्या, पेठांमध्ये राहणाऱ्या, बहुतांशी उच्चवर्णीय वर्गाचा. हातावर पोट असलेल्या, लष्कराच्या आसपास राहणाऱ्या किंवा गावकुसाबाहेरच्या माणसाला त्या वेळी काय वाटलं, याबद्दल त्याच्या वहीत एक ओळही नव्हती. जी माणसं पुराव्यात नाहीत त्यांच्या वतीने विधानाने बोलू नये. शिवाय एकदा ‘कोणाचा’ हे नेमकं झालं की मुंबईचे गिरणी कामगार विधानाचे शत्रू राहत नाहीत. उलट ते निबंधात तुलनेसाठी कामाला येतात: तिथे रुग्णालयावर हल्ला झाला, इथे त्याच साथीत पुढारी स्वतः रुग्णालय काढतात, हा फरक कशामुळे?

चौथं वाक्य असं झालं:

‘मार्च ते मे १८९७ या काळात पुण्याच्या पेठांतल्या सुशिक्षित वर्गाचा विरोध प्लेगच्या उपायांना नव्हता, तर ते उपाय गोऱ्या सैनिकांनी घरात शिरून राबवण्याला होता, म्हणूनच रुग्णालय काढणारे टिळकच मे महिन्यात सरकारवर तुटून पडले.’

वाक्य लांब आहे, मान्य. एका वाक्यात बसत नसेल तर दोन करा, त्याने काही बिघडत नाही. पण त्यातला ‘म्हणूनच’ पाहा. ‘म्हणूनच’, ‘त्यामुळे’, ‘कारण’, ‘असूनही’ यांपैकी एखादा शब्द विधानात नसेल तर मी ते पुन्हा वाचते, कारण बहुतेक वेळा त्यात घटना असते आणि कारण नसतं. हा नियम नाही, नुसता कानोसा आहे. ‘आणि’ने जोडलेल्या विधानांवर मात्र माझा खरोखरच संशय असतो.

जाता जाता एक सापळा सांगून ठेवते, कारण तो याच विषयात दरवर्षी दिसतो. ‘प्लेगवरच्या अग्रलेखांमुळे टिळकांना शिक्षा झाली’ असं मुलं सहज लिहितात. टिळकांना सप्टेंबर १८९७ मध्ये दीड वर्षाची सक्तमजुरी झाली हे खरं, पण राजद्रोहाचा खटला उभा राहिला तो जूनच्या ‘केसरी’त शिवाजी उत्सवाच्या निमित्ताने छापलेल्या मजकुरावर. रँडच्या खुनानंतरचं वातावरण त्यामागे होतं, हा वेगळा आणि चांगला वादाचा मुद्दा आहे. पण चुकीच्या घटनेवर उभं केलेलं विधान कितीही वादयोग्य असलं तरी एका तारखेत कोसळतं.

विधान तयार झालं की ते निबंध चालवतं की नाही हे बघायचं. त्यासाठी प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य वेगळ्या कागदावर उतरवा आणि दोन परिच्छेदांची अदलाबदल करा. काहीच बिघडलं नाही, तर विधान वर शोभेला बसलंय आणि खाली वर्णनच चाललंय. या विद्यार्थ्याच्या पहिल्या खर्ड्यात ‘प्लेगची लक्षणे’, ‘रँडची नेमणूक’, ‘सरकारी उपाय’, ‘लोकांची प्रतिक्रिया’, ‘चापेकर बंधू’ असे पाच परिच्छेद होते. तारखा झाकल्या तर पहिले चार कोणत्याही क्रमाने चालले असते. नव्या विधानानंतर क्रम आपोआप बदलला. आधी सैनिक येण्यापूर्वीचं पुण्यातलं सहकार्य, मग तपासणी प्रत्यक्षात कशी होत होती, मग मे महिन्यातला बदललेला सूर, त्यानंतर मुंबईचा आक्षेप आणि त्याला उत्तर. चापेकर बंधू शेवटच्या परिच्छेदात दोन ओळींवर आले. त्याला याचं वाईट वाटलं, कारण विषय निवडला होता तो त्यांच्यामुळे. पण त्याचं विधान पेठांतल्या सुशिक्षितांच्या विरोधाबद्दल होतं. खून कोणी का केला हा दुसऱ्या निबंधाचा विषय होता.

आक्षेपाचा परिच्छेद लिहिताना त्याला गोपाळ कृष्ण गोखल्यांची गोष्ट सापडली. वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला इंग्लंडला गेलेल्या गोखल्यांनी सैनिकांच्या वर्तनाबद्दल तिथे जाहीर आरोप केले आणि परत आल्यावर पुराव्याअभावी त्यांना माफी मागावी लागली. “हे टाकलं तर माझंच नुकसान, नाही का मॅडम?” त्याने विचारलं. मी म्हटलं, तुझं विधान पुन्हा वाच. सैनिकांनी नेमके कोणते गुन्हे केले हे तुला सिद्ध करायचंच नाहीये. सुशिक्षित वर्गाला काय खुपलं एवढंच तुला दाखवायचंय, आणि गोखल्यांसारखा तोलूनमापून बोलणारा नेमस्तसुद्धा ऐकीव माहितीवर इतका पुढे गेला, यातून तेच दिसतं. विधानाची हद्द नेमकी असली की अडचणीचा वाटणारा पुरावाही असा आपल्या बाजूला येतो.

एक पुरावा मात्र आला नाही. निबंध द्यायला दोन दिवस उरले असताना त्याला पंडिता रमाबाईंचं पत्र कळलं. मे १८९७ मध्ये त्यांनी पुण्याच्या प्लेग रुग्णालयातल्या वागणुकीविषयी वृत्तपत्रातून जाहीर तक्रार केली होती. रमाबाई टिळकांच्या गोटातल्या नव्हत्या. धर्मांतर केलेल्या, सनातन्यांच्या रोषाच्या धनी झालेल्या, म्हणजे सोवळ्याओवळ्याच्या नावाने ओरडणाऱ्यांपैकी तर नक्कीच नाहीत. आणि त्यांची तक्रार घरझडतीची नव्हती, रुग्णालयाची होती. म्हणजे ‘घरात शिरून’ हे शब्द डळमळले.

तो संध्याकाळी खोलीवर जाऊन विधान बदलून आला. ‘ते उपाय गोऱ्या सैनिकांनी घरात शिरून राबवण्याला’ काढलं आणि त्या जागी लिहिलं, ‘ज्यांच्याकडे दाद मागता येत नाही अशा परक्या पुरुषांच्या हाती घरातल्या बायामाणसांची अंगं जाण्याला’. शब्दरचना ओबडधोबड होती. पण त्यात झडती आणि रुग्णालय दोन्ही बसत होतं, टिळक आणि रमाबाई एका वाक्यात येत होते, आणि पहिल्या दिवशी त्याला हे वाक्य सुचणं शक्यच नव्हतं. विधान पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी छापलं जात असलं तरी ते पक्कं होतं ते शेवटचा परिच्छेद लिहून झाल्यावर. म्हणून शेवटच्या दिवसाचा अर्धा तास त्यासाठी राखून ठेवायचा. या मुलाने तो अर्धा तास नवं विधान घेऊन तिसऱ्या परिच्छेदाकडे परत जाण्यात घालवला, कारण तिथे अजून ‘घरात शिरून’च लिहिलेलं होतं.